ज्या शाळेत शिकलो आणि शिकवलं, तिथेच संशोधन : स्थाननिवेदन कसं लिहावं

"मी या शाळेची माजी विद्यार्थिनी असून पुढे तिथेच नऊ वर्षं अध्यापन केलं. त्यामुळे मला शाळेची सखोल माहिती होती आणि सहभागींशी विश्वासाचं नातं लगेच जुळलं. मात्र संशोधन करताना मी माझे पूर्वग्रह बाजूला ठेवले."

गुणात्मक संशोधनाच्या प्रबंधात, पद्धतीच्या प्रकरणात, अशी तीन वाक्यं सर्रास सापडतात. त्यांनाच पोझिशनॅलिटी स्टेटमेंट म्हणजे स्थाननिवेदन समजलं जातं. पहिलं वाक्य खरं आहे, पण त्यावरून संशोधनात काय घडलं ते कळत नाही. दुसरं वाक्य आतल्या माणसाचे फक्त फायदे सांगतं. तिसरं तर कुणालाच जमण्यासारखं नाही. नऊ वर्षांची शिक्षिका मुलाखतीपुरती बाजूला काढून ठेवता येत नाही.

स्थाननिवेदनाचं काम नेमकं आहे. संशोधक कोण होता, त्यामुळे मुलाखतीत आणि विश्लेषणात कुठे काय बदललं, त्यावर त्याने काय केलं आणि तरीही काय उरलं, हे त्यातून वाचकाला कळलं पाहिजे. म्हणून ते शेवटच्या महिन्यात बसून लिहिता येत नाही. त्यासाठी लागणारा पुरावा क्षेत्रकार्य चालू असतानाच गोळा करावा लागतो.

सोयीसाठी एक रचलेलं उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. संशोधिका एका माध्यमिक शाळेत शिकली. पुढे त्याच शाळेत तिने नऊ वर्षं शिकवलं आणि पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडली. आता तिचा संशोधनाचा प्रश्न आहे : शिक्षक अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कसे ठरवतात? सहभागी 12 आहेत : तिला शिकवलेले मुख्याध्यापक, पाच जुने सहकारी, ती गेल्यावर रुजू झालेले पाच शिक्षक आणि एकेकाळी तिची विद्यार्थिनी असलेली एक शिक्षिका. अंतर्गत गुण देण्याचं काम तिने स्वतः नऊ वर्षं केलेलं आहे, हे लक्षात असू द्या. पुढची सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

पहिली पायरी : 'आतली' म्हणजे कुणासाठी आतली?

"मी इनसायडर आहे" हे वाक्य फार ढोबळ आहे. शाळा एकच असली तरी बारा जणांपुढे ती बारा वेगळ्या नात्यांनी बसणार आहे. म्हणून पहिल्या मुलाखतीआधी एका कागदावर प्रत्येक सहभागीसाठी चार गोष्टी लिहाव्यात : तेव्हा मी त्यांची कोण होते, आता कोण आहे, त्यांना माझ्याकडून काय हवं असू शकतं, आणि माझ्यापुढे काय बोलायची त्यांना भीती वाटू शकते.

मुख्याध्यापकांच्या ओळीत तिने लिहिलं : तेव्हा विद्यार्थिनी, मग हाताखालची शिक्षिका, आता पाहुणी. शाळेचं नाव चांगलं राहावं असं त्यांना वाटणार. जुन्या विद्यार्थिनीच्या ओळीत लिहिलं : मी तिला गुण दिलेले आहेत, ती माझ्यापुढे गुणांबद्दल मोकळेपणाने बोलेल का? नव्या पाच जणांच्या ओळी जवळपास रिकाम्या राहिल्या. त्यांच्यासाठी ती जवळपास परकीच होती. फक्त "पूर्वी इथे होत्या" एवढी कीर्ती आधी पोचलेली. हा तक्ता प्रबंधात छापायचा नाही. निवेदनात "काहींसाठी आतली, काहींसाठी बाहेरची" असं ठामपणे म्हणता यावं, म्हणून तो हाताशी ठेवायचा.

मराठीत मुलाखती घेणाऱ्यांना एक खूण आयती मिळते, आणि ती वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं. ती म्हणजे संबोधन. मुख्याध्यापक रेकॉर्डर सुरू होईपर्यंत "अगं, ये ये" म्हणत होते. सुरू झाल्यावर "तुम्ही विचारलंत तसं" झालं आणि बंद झाल्यावर पुन्हा "तू". दोन सहकारी अखेरपर्यंत एकेरीवर होते. जुनी विद्यार्थिनी दर वाक्यागणिक "मॅडम" म्हणत होती. ट्रान्सक्रिप्ट तयार करताना पुष्कळ जण ही संबोधनं "स्वच्छ" करून टाकतात. तसं करू नका. 'तू'चं 'तुम्ही' जिथे होतं तिथे माणूस ओळखीतून बाहेर पडून अधिकृत बोलायला लागतो. स्थितीबद्दलचा इतका थेट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो.

दुसरी पायरी : उत्तर आधीच लिहून ठेवा

माजी शिक्षकाला आपल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा आधीच माहीत असतं, निदान तसं वाटत असतं. ते नाकारण्यापेक्षा पहिल्या मुलाखतीआधी एक पान लिहावं, तारीख घालावी आणि त्याला नंतर हात लावू नये. मला काय सापडेल असं वाटतं? काय सापडलं तर वाईट वाटेल? मी स्वतः तिथे असताना काय करत होते?

आपल्या संशोधिकेने लिहिलं : "वरून दबाव येतो म्हणून शिक्षक गुण सढळ हाताने देतात असं दिसेल. मीही देत होते. शिक्षकांना स्वतःलाच ते योग्य वाटतं असं निघालं तर मला अवघड जाईल, कारण मग माझ्या वागण्यालाही 'दबाव' हे कारण पुरणार नाही." शेवटचं वाक्य लिहायला धैर्य लागतं. पुढे उपयोगी पडतं तेही हेच.

पाहणी करताना आपल्यातला नेमका कोणता 'मी' जागा होतो, हे नोंदवण्याची पद्धत शिक्षणसंशोधक ॲलन पेश्किन यांनी 1988 मध्ये मांडली. एका हायस्कूलच्या अभ्यासात त्यांनी स्वतःमधले असे सहा 'मी' वेगळे केले. निकृष्ट अध्यापन पाहिलं की ते सुधारावंसं वाटणारा 'मी' हा त्यांतला एक. माजी शिक्षकांना तो ओळखीचा वाटेल. तो जागा झाला की मुलाखतकार सल्ला द्यायला लागतो आणि समोरचा समर्थन द्यायला लागतो.

तिसरी पायरी : "तुम्हाला माहीतच आहे" या वाक्यापाशी थांबा

माजी शिक्षकाच्या संशोधनाला सगळ्यात मोठा धोका या तीन शब्दांत असतो. म्हणून इथे जरा सविस्तर.

जुना सहकारी म्हणतो, "आता वर्षाअखेरीला गुण भरताना... तुम्हाला माहीतच आहे कसं असतं ते." संशोधिका मान हलवते. तिला खरंच माहीत असतं. सहकाऱ्याला समजून घेतल्यासारखं वाटतं आणि संभाषण पुढे जातं. पण ट्रान्सक्रिप्टमध्ये त्या जागी काहीच नसतं. सहकाऱ्याने वाक्य अर्धवट सोडलं आणि उरलेलं अर्धं तिने मनात पूर्ण केलं. ते नोंदलं गेलं नाही, म्हणून नंतर तपासायलाही उरलं नाही. परकी संशोधिका असती तर "कसं असतं?" असं तिने विचारलंच असतं.

उपाय मुलाखतीतच करायचा असतो. सुरुवातीला एकदा सांगून ठेवावं : "मी इथे होते, पण पाच वर्षांपूर्वीचं माहीत आहे, आत्ताचं नाही. त्यामुळे मधेमधे मी उघड वाटणारे प्रश्न विचारेन." मग ते वाक्य आलं की, "माझ्या वेळचं मला ठाऊक आहे, तुमचं मागच्या वर्षीचं सांगा. शेवटचा असा कुठला विद्यार्थी आठवतो?" "मी काहीच जाणत नाही असं समजून सांगा" ही विनंती मात्र जुन्या सहकाऱ्यापुढे नाटकी वाटते आणि माणूस पाठ केल्यासारखं बोलायला लागतो. एका ठोस प्रसंगाची मागणी केली की ती अडचण येत नाही.

तरीही काही जागा निसटतातच. म्हणून प्रत्येक मुलाखतीनंतर, शक्यतो त्याच दिवशी, अर्धा पान मेमो लिहावा. मी कुठे मान हलवली? कुठे शिक्षिका म्हणून बोलले? कुठला प्रश्न विचारायचा टाळला? मुख्याध्यापकांच्या मुलाखतीनंतरच्या मेमोत आपली संशोधिका लिहिते : "गुण बदलायला सांगितलं जातं का, हा प्रश्न यादीत होता. विचारला नाही. त्यांच्यासमोर मी अजून नववीतच आहे." तिला ही मुलाखत पुन्हा घेता आली नाही. हे तिच्या अभ्यासातलं खरंखुरं भगदाड आहे, आणि निवेदनात त्याला जागा मिळायला हवी.

चौथी पायरी : विश्लेषणात स्वतःला पकडणं

सगळ्या मुलाखती झाल्यावर तिने कोडिंग केलं, म्हणजे ट्रान्सक्रिप्टमधल्या उताऱ्यांना आशयानुसार नावं, म्हणजे कोड, दिले. 'वरून दबाव' या कोडखाली 17 उतारे जमले. तिच्या अपेक्षेच्या पानाशी ते अगदी तंतोतंत जुळत होते. असं जुळलं की थांबावं, हा माझा अनुभव. निष्कर्ष चूक असेलच असं नाही, पण तो तपासायची वेळ झालेली असते.

तपासणी साधी आहे. कोडखालचा प्रत्येक उतारा घ्यायचा आणि एकच प्रश्न विचारायचा : ज्या गोष्टीचं नाव या कोडला दिलं आहे ती सहभागीच्या शब्दांत आहे का, की माझ्या आठवणीत? हे काम स्वतः करावंच, शिवाय शाळेशी काहीही संबंध नसलेल्या एका सहसंशोधकाला दोन-तीन ट्रान्सक्रिप्ट कोड करायला द्यावेत. नावं आणि ओळख पटवणारे तपशील काढून, आणि संमतिपत्रात तशी तरतूद असेल तरच. दोघांच्या कोडांची टक्केवारी जुळवणं हा इथला उद्देश नाही. त्याला कुठल्या उताऱ्यापाशी "हे तुम्ही कुठून काढलंत?" असं विचारावंसं वाटतं, ते हवं असतं.

आपल्या उदाहरणात 17 पैकी 6 उताऱ्यांत दबावाचा उल्लेखच निघाला नाही. सहाही उतारे जुन्या सहकाऱ्यांचे होते आणि सगळ्यांत "तुम्हाला माहीतच आहे" किंवा त्याच अर्थाचं काहीतरी होतं. रिकामी जागा तिने स्वतःच्या नऊ वर्षांनी भरली होती. ते सहा उतारे तिने कोडमधून काढले. दोन सहकाऱ्यांना पुन्हा भेटून त्याच जागेबद्दल विचारलं. एकाने दबावच सांगितला. दुसरा म्हणाला, "नाही हो, दबाव कसला? वर्षभर धडपडलेल्या मुलाला कागदावर नापास करणं मला पटत नाही." यातलं दुसरं उत्तर नव्या पाच जणांपैकी तिघांच्या बोलण्याशी जुळणारं निघालं, आणि 'प्रयत्नांना न्याय' असा एक नवा धागा उभा राहिला. तिला जो निष्कर्ष नको होता, तोच.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ही तपासणी जास्तीचं वाचलेलं पकडते. जे संशोधिकेला इतकं सवयीचं आहे की तिने कोडच केलं नाही, ते अशाने सापडत नाही. त्यासाठी परक्या वाचकाने कोड न झालेले परिच्छेद वाचणं हाच त्यातल्या त्यात उपाय.

पाचवी पायरी : आता लिहा

एवढं हाती असलं की निवेदन लिहायला फार वेळ लागत नाही. प्रत्येक मुद्द्यात चार दुवे यावेत : मी कोण होते, त्यामुळे काय झालं, मी काय केलं, काय उरलं. क्रम थोडा बदलला तरी चालेल, पण शेवटचा दुवा गाळू नये. काळ भूतकाळ ठेवावा. "मी सजग राहीन" ही संशोधन आराखड्याची भाषा आहे, प्रबंधात काय घडलं ते हवं. सुरुवातीची तीन वाक्यं आता अशी होतील :

"मी या शाळेत विद्यार्थिनी होते आणि पुढे काही वर्षं शिक्षिका. त्या काळात अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मीही दिले, आणि बाहेरच्या दबावामुळे ते सढळपणे दिले जातात अशी माझी मुलाखतींआधीची नोंदवलेली अपेक्षा होती. जुन्या सहकाऱ्यांच्या मुलाखतींत अनेक वर्णनं 'तुम्हाला माहीतच आहे' म्हणून अर्धवट राहिली. 'वरून दबाव' या कोडखालच्या 17 पैकी 6 उताऱ्यांत दबावाचा उल्लेख नसून तो अर्थ मी घातला होता, असं फेरतपासणीत आढळलं. ते उतारे वगळले आणि दोन सहभागींची पुन्हा मुलाखत घेतली. 'प्रयत्नांना न्याय' हा विषय त्यातून पुढे आला. माझ्यानंतर रुजू झालेल्या शिक्षकांसाठी मी मुख्यतः बाहेरची होते. त्यांनी कार्यपद्धती अधिक तपशिलात सांगितल्या, पण मतभेदांबद्दल कमी बोलले. शाळेच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्यांशी माझं पूर्वीचं विद्यार्थिनीचं नातं होतं. गुण बदलण्याच्या सूचनांबद्दलचा प्रश्न मी त्यांना विचारू शकले नाही. त्यामुळे या अभ्यासातलं दबावाचं चित्र केवळ शिक्षकांच्या बाजूचं आहे."

नीट पाहिलंत तर यात "मला सखोल माहिती होती" हे कुठेच नाही, आणि "वस्तुनिष्ठ" हा शब्दही नाही. शेवटचं वाक्य निष्कर्षांच्या प्रकरणात दबावाच्या भागापाशी पुन्हा एका ओळीत यायला हवं. पद्धतीच्या प्रकरणातलं निवेदन तिथवर पोचेपर्यंत वाचक विसरलेला असतो. प्रबंधात असं निवेदन दीड-दोन पानांचं झालं तरी चालतं. शोधनिबंधात एका परिच्छेदाहून जास्त जागा सहसा मिळत नाही, तेव्हा त्या निबंधातल्या निष्कर्षांना भिडणारेच मुद्दे ठेवावेत.

काय गाळायचं? प्रत्येक वाक्य झाकून पाहावं : हे नसतं तर वाचकाने एखादा निष्कर्ष वेगळा वाचला असता का? उत्तर "नाही" असेल तर ते वाक्य काढावं. जात, धर्म, लिंग, वर्ग, भाषा यांची यादी द्यायची पद्धत पडली आहे. त्यातला जो घटक या अभ्यासात काही घडवून गेला तो उलगडून लिहावा. बाकीचं खासगी आयुष्य उघड करायला संशोधक बांधील नाही. उलट बाजूनेही चूक होते. काही निवेदनं कबुलीजबाब होतात आणि तीन पानं संशोधिकेच्या अपराधभावावर जातात, सहभागी मागे पडतात. तिचा अपराधभाव गुणांच्या प्रश्नाशी जोडलेला होता म्हणून तो एका वाक्यात आला. तेवढा पुरे.

या निवेदनांवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो : ज्याला स्वतःचा पूर्वग्रह दिसतच नाही, तो तो लिहिणार कसा? आक्षेप योग्य आहे. आठवून लिहिलेल्या निवेदनाकडे त्याला उत्तर नाही. तारीख घातलेलं अपेक्षेचं पान, मेमो आणि परक्या वाचकाचे प्रश्न यांवर उभं असेल तर काही अंशी तरी आहे, कारण त्यात संशोधिकेला न दिसलेलं दुसऱ्या कुणीतरी दाखवून दिलेलं असतं.

निवेदनच शाळा उघडी पाडतं तेव्हा

हा धोका मार्गदर्शकांच्याही नजरेतून सुटतो. प्रबंधावर संशोधिकेचं नाव असतं. "मी या शाळेत अमुक ते अमुक साली गणित शिकवलं" असं लिहिलं की तिच्या जुन्या प्रोफाइलवरून कुणीही शाळा पाच मिनिटांत शोधू शकतो. मग सहभागींना दिलेली टोपणनावं काही कामाची राहत नाहीत, आणि एकच असलेलं मुख्याध्यापकपद तर नावासारखंच असतं.

शाळेबाहेरच्यांपासून ओळख लपवणं हा याचा अर्धाच भाग. समाजशास्त्रज्ञ मार्टिन टोलिच यांनी 2004 मध्ये अंतर्गत गोपनीयता या नावाने दुसऱ्या अर्ध्या भागाकडे लक्ष वेधलं : एकाच गटातली माणसं लेख वाचून एकमेकांना ओळखतात. शिक्षक कक्षात "हे वाक्य कुणाचं" हे सगळ्यांना कळतं. माजी शिक्षिकेच्या बाबतीत तर कोण तिच्या जवळचं होतं तेही सगळ्यांना ठाऊक असतं.

म्हणून नैतिकता समितीला आणि मार्गदर्शकांना पूर्ण निवेदन द्यावं, छापील आवृत्तीत तपशील सैल करावेत. वरच्या नमुन्यात नऊ वर्षांऐवजी "काही वर्षं" आहे, विषय नाही, मुख्याध्यापकांऐवजी "वरिष्ठ पदाधिकारी" आहे. सैल करताना खोटं मात्र लिहू नये. "याच प्रकारच्या दुसऱ्या शाळेत शिकवलं" असं लिहिलं तर पुढचं सगळं विश्लेषण खोट्या पायावर उभं राहतं. आणि एवढं करूनही शाळा ओळखली जाईल अशी परिस्थिती असेल, तर ती गोष्ट संमतिपत्रातच सांगायला हवी : "माझी पार्श्वभूमी माहीत असलेल्यांना शाळा ओळखता येऊ शकेल." क्षेत्रकार्य संपल्यावर हे सुचलं तर सहभागींकडे परत जाऊन संमती नव्याने घ्यावी लागते, आणि एखाद्याने नकार दिला तर त्याची मुलाखत काढावी लागते.

उरतात त्या आठवणी. नऊ वर्षांत शिक्षक कक्षात ऐकलेलं, गुणांच्या याद्यांवर पाहिलेलं. ते बोलणाऱ्यांनी सहकाऱ्यापाशी बोललेलं होतं, संशोधिकेपाशी नाही. त्याला कुणाची संमती नाही. तिने स्वतःसाठी नियम केला : आठवण प्रश्न घडवायला वापरीन, पुरावा म्हणून नाही. सहभागीने तोच प्रसंग स्वतःहून सांगितला, तर त्याच्या शब्दांत येईल. एका सहकाऱ्याने मुलाखतीत एक बैठक अशी काही सांगितली की ती तिच्या आठवणीशी अजिबात जुळेना. तिने खोडून काढलं नाही. मेमोत दोन्ही रूपं लिहिली, प्रबंधात त्याचंच दिलं, आणि निवेदनात एक वाक्य वाढवलं : "सहभागींनी सांगितलेल्या काही प्रसंगांना मीही उपस्थित होते. तिथे माझी आठवण वेगळी असली तरी विश्लेषणासाठी त्यांचं कथन घेतलं आहे."